लिंक्डइनचं अबाउट किती लांब लिहायचं? उद्यमबागेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत भरतीचं काम बघतो. जागा निघाली की दिवसाला तीस-चाळीस प्रोफाइल डोळ्याखालून जातात, तीही बहुतेक वेळा फोनवर आणि दोन कामांच्या मध्ये. संध्याकाळी ओळखीतली मुलं, भाचे-पुतणे, कधी एखादा वर्कशॉपवाला आपलं प्रोफाइल दाखवायला येतो आणि गाडी हमखास अबाउटवर, म्हणजे स्वतःबद्दल लिहायच्या मजकुरावर अडते. त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि मी त्यांना जे सांगतो ते इथं लिहून ठेवलंय. उदाहरणं फाउंड्री आणि मशिन शॉपमधली आहेत, कारण मला तेच कळतं.

लिंक्डइननं 2,600 अक्षरांची जागा दिली आहे. मग ती भरायला नको का?

नको. 2,600 ही वरची मर्यादा आहे, सातबाऱ्यावरचं क्षेत्र नव्हे की सगळं पेरलंच पाहिजे. इंग्रजीत तेवढ्या जागेत साधारण चारशे शब्द बसतात. चारशे शब्द फोनवर वाचायचे म्हणजे चार-पाच वेळा तरी स्क्रीन वर सरकवावी लागते. भरती करणारा माणूस तेवढं वाचतो, पण आधी त्याला तुमच्यात रस निर्माण झाला असेल तरच.

एक मुलगा मला म्हणाला होता, "काय ओ सर, जागा फुकट आहे, भरून टाकायला काय जातंय?" जातं ते असं. तुमचं सगळ्यात चांगलं काम सातव्या-आठव्या ओळीत असतं आणि त्याच्यावर सहा ओळी प्रस्तावना असते. वाचणारा प्रस्तावनेतच निघून जातो.

बरं, मग एक आकडा सांगा की.

पाच ते पंधरा वर्षं नोकरी केलेल्या, आपल्याच क्षेत्रात राहू इच्छिणाऱ्या माणसासाठी मी 800 ते 1,200 अक्षरं सांगतो. इंग्रजीत ते दीडशे ते दोनशे शब्द होतात. हा लिंक्डइनचा नियम नाही, माझा अंदाज आहे, आणि तो एका साध्या हिशेबावरून आलाय. एक ओळख, एक नीट सांगितलेलं काम, हाताळलेल्या गोष्टींची दोन-तीन वाक्यं आणि एक शेवटची ओळ एवढं लिहिलं की मजकूर आपोआप तिथंच येतो. 1,500 च्या पुढं गेला, तर बहुतेक वेळा अनुभवाच्या रकान्यातला मजकूर इथं दुसऱ्यांदा आलेला असतो.

अक्षरं मोजायला वेगळं काही लागत नाही. अबाउट संपादित करायच्या खिडकीत आकडा दिसतो. फक्त रिकाम्या जागा आणि ओळ बदलणं हेही त्यात मोजलं जातं हे ध्यानात ठेवा.

पहिल्या तीन ओळींचं एवढं काय आहे?

प्रोफाइल उघडल्यावर अबाउट पूर्ण दिसत नाही. सुरुवातीच्या काही ओळी दिसतात आणि पुढचं वाचायला 'मोअर'वर बोट ठेवावं लागतं. किती दिसेल ते स्क्रीनच्या रुंदीवर ठरतं. कॉम्प्युटरवर जास्त दिसतं, फोनवर कमी. मी फोन धरून चालतो आणि पहिली 200 अक्षरं एवढीच आपली, असं समजतो.

त्या 200 अक्षरांत दोन गोष्टी याव्यात: तुम्ही नेमकं कोणतं काम करता, आणि कशावर किंवा कोणासाठी करता. 'मेकॅनिकल इंजिनिअर' हे काम झालं नाही, ती पदवी झाली. 'पंपाच्या कास्टिंगमधले दोष शोधतो' हे काम झालं.

इथं एक बारीक चूक फार लोक करतात. पहिलं वाक्य छोटं लिहितात, त्याखाली एक ओळ मोकळी सोडतात आणि मग पुढचा परिच्छेद सुरू करतात. दिसायला छान दिसतं, पण ती मोकळी ओळसुद्धा दिसणाऱ्या ओळींतलीच एक खाते. म्हणून पहिला परिच्छेद दोन वाक्यांचा सलग ठेवा, मोकळी ओळ त्याच्यानंतर येऊ द्या. आणि 'नमस्कार, माझ्या प्रोफाइलवर आपलं स्वागत आहे' हे काढून टाका. तेवढ्या शब्दांत तुमचा सगळा अनुभव सांगून होतो.

परिच्छेद किती आणि कशाचे?

साधारण चार, आणि प्रत्येकाला एकच काम. पहिला ओळखीचा. दुसरा पुराव्याचा, म्हणजे तुम्ही केलेली एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिसरा साधनांचा, म्हणजे यंत्रं, पद्धती, भाषा, शोधताना टाइप केले जातील असे शब्द. चौथा एका ओळीचा: कशासाठी संपर्क करावा.

चारही सारख्या लांबीचे नकोत. दुसरा सगळ्यात मोठा असावा, कारण माणूस तिथं ओळखू येतो. तिसरा आटोपशीर. पण फोनवर इंग्रजीतल्या एका ओळीत चाळीस-पन्नास अक्षरं मावतात, म्हणजे 450 अक्षरांचा परिच्छेद नऊ ते अकरा ओळींचा होतो. त्याच्यापुढं गेला की तो भिंतीसारखा दिसायला लागतो आणि नजर त्याला वळसा घालून खाली जाते. तुमचा पुरावाच 600 अक्षरांचा झाला असेल, तर अडचण एका बाजूला आणि उपाय दुसऱ्या बाजूला, असे दोन परिच्छेद करा.

अनोळखी वाचकानं दुसरा परिच्छेद झाकून बाकीचे वाचले आणि त्याला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही, तर तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात पुरावा नाहीच, नुसती विशेषणं आहेत असं समजा.

एक खरं उदाहरण दाखवाल का?

दाखवतो. खानापूर तालुक्यातला एक जण, मेकॅनिकलचा डिप्लोमा, नऊ वर्षं फाउंड्रीत क्वालिटीचं काम. त्याचं अबाउट इंग्रजीत होतं, 2,340 अक्षरांचं, एकाच परिच्छेदात. आम्ही ते कागदावर घेतलं आणि काय किती जागा खातंय ते मोजलं. सुरुवातीची 420 अक्षरं ध्येयाची होती: कष्टाळू, प्रामाणिक, गतिमान संस्थेत आपल्या कौशल्यांचा उपयोग वगैरे. मग 350 अक्षरं शिक्षण, शाळेच्या टक्क्यांसकट. 600 अक्षरांत यंत्रांची आणि प्रमाणपत्रांची यादी. 700 अक्षरं नोकरीतल्या जबाबदाऱ्या, अनुभवाच्या रकान्यातून जशाच्या तशा उचललेल्या. उरलेली 270 छंद आणि स्वभाव. वडिलांचं नाव तेवढं राहिलं होतं. लग्नाच्या बायोडाट्याची सवय आपल्या हातातून सहजी जात नाही.

शिक्षणाला लिंक्डइनवर स्वतःचा रकाना आहे, जबाबदाऱ्यांनाही आहे. ते दोन्ही काढले, 1,050 अक्षरं गेली. ध्येय आणि स्वभाव काढले, आणखी 690 गेली. उरली फक्त यंत्रांची 600 अक्षरांची यादी. तो घाबरला. "सर, आता काय राहिलंच नाही की."

मग चहा घेता घेता त्याला विचारलं, गेल्या वर्षी कशामुळं झोप उडाली होती? तो पावसाळ्यात वाढलेल्या रिजेक्शनबद्दल अर्धा तास बोलला. त्यातलं एक अवाक्षरही त्या 2,340 अक्षरांत नव्हतं! नंतर त्यानं जे लिहिलं ते असं. मूळ इंग्रजीत आहे, इथं मराठीत करून देतो:

> पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगमध्ये रिजेक्शन कशामुळं होतं ते शोधून कमी करणं हे माझं काम. उद्यमबाग, बेळगाव इथं 9 वर्षं फाउंड्री क्वालिटीत. ग्रीन सँड, 2 ते 60 किलोचे भाग.
>
> एका पावसाळ्यात आमच्या एका पंप बॉडीचं रिजेक्शन 9 टक्क्यांवर गेलं, बहुतेक ब्लोहोलमुळं. पाळीप्रमाणे नोंदी मांडल्यावर दिसलं की दोष रात्रपाळीत जास्त आहेत आणि त्याच वेळी वाळूतला ओलावा वर जातोय. ओलावा दर तासाला मोजायला लागलो. कोअर भट्टीतून निघाल्यापासून साच्यात बसेपर्यंत तासन् तास पडून राहत होते, तो वेळ कमी केला. चार महिन्यांत रिजेक्शन 4 टक्क्यांवर आलं.
>
> रोजच्या वापरातलं: स्पेक्ट्रोमीटर, सीएमएम, वाळूच्या चाचण्या, पीपीएपीची कागदपत्रं, ग्राहकांची ऑडिट. मराठी, कन्नड आणि हिंदी बोलतो, रिपोर्ट इंग्रजीत लिहितो.
>
> कास्टिंगच्या दोषांबद्दल काही विचारायचं असेल तर मेसेज करा.

इंग्रजीत हे सगळं 920 अक्षरांत बसलं. दुसरा परिच्छेद एकटा 430 चा आहे आणि तो मी मुद्दाम तसाच ठेवायला सांगितला. फाउंड्रीतला माणूस तो वाचताना मान डोलावतो. पावसाळी हवेत पडून राहिलेला कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, ओलावा ओढतो, तापलेला धातू लागला की त्याची वाफ होते आणि वाट न मिळाल्यानं आत पोकळी राहते, तोच ब्लोहोल, हे त्याला माहीत असतं. म्हणून ते समजावून सांगायची गरज नाही. तुम्ही कारणापर्यंत पोहोचलात एवढं दिसलं की झालं.

टक्के वाढवून लिहायचा मोह होतो. करू नका. मुलाखतीत मी पहिला प्रश्न त्याच आकड्यावर विचारतो: 9 टक्के कशाचे, नगांचे की वजनाचे, आणि मोजले कुठं, कास्टिंग घासून साफ केल्यावर, म्हणजे फेटलिंगनंतर, की ग्राहकाकडून परत आल्यावर? ज्यानं स्वतः काम केलंय तो लगेच सांगतो.

चौथ्या परिच्छेदात 'पुण्यात नोकरी हवी' असं का लिहिलं नाही?

कारण त्याचे साहेबही लिंक्डइनवर आहेत. बेळगाव तसं लहान आहे, उद्यमबाग त्याहून लहान. सकाळी अबाउट बदललं तर दुपारच्या चहाला विषय निघतो. 'ओपन टू वर्क' ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असं ठेवता येतं आणि आपल्याच कंपनीच्या भरती करणाऱ्यांपासून ते लपवायचा लिंक्डइन प्रयत्न करतं, पण ते पूर्ण लपेल अशी हमी देत नाही. म्हणून शेवटची ओळ अशी ठेवली की साहेबांनी वाचली तरी चालेल आणि कागलच्या किंवा शिरोलीच्या कारखान्यातल्या माणसानं वाचली तर त्यालाही मेसेज करावासा वाटेल.

नोकरी सुटलेली असेल, किंवा साहेबांना माहीत असेल, तर मात्र सरळ लिहा: कोणतं काम, कोणता भाग, केव्हापासून. एकाच वाक्यात.

मोठ्यापेक्षा छोटं अबाउट सरस कधी ठरतं?

मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते याच प्रश्नावर. छोटं म्हणजे 250 ते 400 अक्षरं, एक किंवा दोन परिच्छेद. लोकांना ते आळसाचं लक्षण वाटतं, पण काही ठिकाणी तेच बरोबर असतं.

पहिली जागा म्हणजे जिथं बोलायला मनाई आहे. आपल्याकडं विमानाच्या सुट्या भागांचं काम करणारे बरेच जण आहेत. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये आहेत, त्यांना काम पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपमध्येही आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, कधी कधी भाग कुठल्या जोडणीत बसतो हेसुद्धा बाहेर सांगता येत नाही. अशा माणसानं हजार अक्षरं लिहायला घेतली की दोनपैकी एक होतं. एक तर जे सांगायला नको ते निसटतं, नाही तर सगळं गोलगोल होतं: 'जागतिक दर्जाच्या ग्राहकांसाठी उच्च अचूकतेचे भाग'. त्यापेक्षा दोन वाक्यं पुरतात. 'पाच-अक्षी मशिनवर ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमचे विमानाचे भाग, 7 वर्षं. प्रोग्रॅमिंग आणि पहिल्या नगाची तपासणी माझ्याकडं.' त्या क्षेत्रातल्या माणसाला पुढचं आपोआप कळतं, आणि तुम्ही बोलणं कुठं थांबवता यावरूनही त्याला काही तरी कळतं. वर सांगितलेल्या क्वालिटीवाल्यानंसुद्धा ग्राहकाचं नाव टाकलं नाही, आणि टक्के लिहिण्याआधी साहेबांना विचारलं. साहेब नाही म्हणाले असते तर आम्ही 'रिजेक्शन निम्म्याहून खाली आणलं' एवढंच ठेवलं असतं.

दुसरी जागा म्हणजे जिथं वाचणारा तुम्हाला आधीच ओळखून असतो. बेळगावात बरीचशी कामं अजून ओळखीवर चालतात. मामांनी फोन करून सांगितलेलं असतं, आणि समोरचा प्रोफाइल उघडतो तो फक्त खात्री करायला: हाच का तो, अजून तिथंच आहे का, कुठलं मशिन चालवतो. त्याला कथा नको असते. तीन ओळींत सगळं दिसलं आणि 'मोअर'वर बोट ठेवावंच लागलं नाही, तर त्याचं काम झालं. चाळीस वर्षं धंदा केलेल्या, गावात नाव असलेल्या मालकांनाही हेच लागू. त्यांनी 'कास्ट आयर्न आणि एसजी आयर्न, 100 किलोपर्यंत, स्वतःचं मशिनिंग' एवढं लिहिलं तरी भागतं.

तिसरी जागा म्हणजे जिथं अनुभवाचा रकाना भक्कम आहे. प्रत्येक नोकरीखाली 2,000 अक्षरांपर्यंत लिहिता येतं. तिथं तुम्ही कामं नीट सांगितली असतील, तर अबाउटचं काम फक्त दार दाखवायचं राहतं. उलट अनुभवात नुसतं पद आणि तारखा असतील, तर आधी ते भरा. पोकळ अनुभवावर लांबलचक अबाउट म्हणजे कॉलम न भरता स्लॅब टाकण्यासारखं आहे.

आणि एक गोष्ट मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. माझं स्वतःचं अबाउट एके काळी 1,900 अक्षरांचं होतं. मी 'माणसं घडवतो' वगैरे वगैरे. त्यात माझा फोन नंबरही होता, शेवटच्या ओळीत. एका उमेदवारानं नंतर सांगितलं, "सर, नंबर शोधून दमलो, शेवटी तुमच्या गेटवर येऊन वॉचमनला विचारला." तेव्हापासून माझं 310 अक्षरांचं आहे. नंबर आता अबाउटमध्ये नाहीच. संपर्कासाठी वेगळी जागा आहे तिथं ईमेल आहे, आणि अबाउटमध्ये अनोळखी कुणालाही दिसेल असा नंबर टाकू नये हेही उशिरा कळलं.

मी नुकताच पास झालोय. लिहायला काही नाही. मग?

300 अक्षरं लिहा आणि थांबा. प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः केलेला भाग एका वाक्यात, शिकलेलं सॉफ्टवेअर किंवा मशिन एका वाक्यात, कोणतं काम हवं ते एका वाक्यात. चार जणांच्या प्रोजेक्टचं पूर्ण श्रेय घेऊ नका. चौघांचीही प्रोफाइल माझ्यासमोर येतात आणि चौघांनीही तेच लिहिलेलं असतं.

मग लांब अबाउट कुणी लिहावं?

ज्यांची वाट सरळ नाही त्यांनी. निपाणीकडचा एक जण माझ्याकडं आला होता. आठ वर्षं तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं हिशेब आणि गोदाम बघितलं, मग दोन वर्षं घरच्या आजारपणात गेली, आता त्याला गोदाम-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचं काम हवं होतं. नुसत्या तारखा बघितल्या तर मी त्याला बाजूला ठेवलं असतं. त्याला 1,700 अक्षरं लागली आणि ती योग्य होती. गोदामात माल कसा मुरतो, प्रतवारीप्रमाणे पोती कशी लावतात, जुना माल आधी बाहेर काढायची शिस्त कशी पाळली, ते त्यानं एका परिच्छेदात सांगितलं. पुढच्या परिच्छेदात हेच नियम सॉफ्टवेअरमध्ये कसे बसतात ते. दोन वर्षांच्या खंडाला एकच वाक्य, कारण त्याहून जास्त लिहिलं की ती विनवणी वाटते.

स्वतःची सेवा विकणारे, म्हणजे सल्लागार, डिझायनर, सीए, यांनाही थोडं लांब चालतं, कारण त्यांचं अबाउट हेच त्यांचं दुकान असतं. तरी तिथंही पहिली 200 अक्षरं तीच, नियम तेच.

बुलेट, ठळक अक्षरं, इमोजी चालतात का?

अबाउटमध्ये अक्षरं ठळक करायची सोय नाही. लोक दुसऱ्या साइटवरून ठळक दिसणारी अक्षरं आणून चिकटवतात. ती खरी इंग्रजी अक्षरं नसतात, त्यांच्यासारखी दिसणारी गणिताची चिन्हं असतात. शोधात ती सापडतील याचा भरवसा नाही, आणि दृष्टिहीन माणसाचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर ती धड वाचत नाही. नको ते. साधनांच्या परिच्छेदात स्वल्पविराम पुरतो. बुलेट वापरायचेच असतील तर तीन-चार, आणि तेही तिथंच. पुराव्याच्या परिच्छेदाचे तुकडे करून बुलेट केले की कारण आणि परिणाम यांची साखळी तुटते.

मराठीत लिहू, कन्नडमध्ये की इंग्रजीत? आणि बेळगावचं स्पेलिंग कोणतं?

वाचणारा कोण ते बघा. पुण्या-मुंबईचे, बेंगळुरूचे आणि परदेशातले खरेदीदार इंग्रजीतच शोधतात, म्हणून अबाउट इंग्रजीत. भाषा येतात हे तिसऱ्या परिच्छेदात जरूर लिहा. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा सुपरवायझर इथल्या कारखान्यात किती कामाचा असतो ते मला विचारा. पाळीतली निम्मी भांडणं तो भाषेच्या जोरावर मिटवतो.

मराठीत लिहिणार असाल, तर एक तांत्रिक गोष्ट जाणून घ्या. कॉम्प्युटर काना, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतो. 'उद्यमबाग' आपल्याला पाच अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरच्या हिशेबात ती आठ होतात. 'क्षेत्र' दोन दिसतात, मोजली जातात सात. म्हणून डोळ्यांनी अंदाज करू नका, खिडकीतला आकडा बघा.

स्पेलिंगचा वाद इथं उकरत नाही, शोध कसा चालतो तेवढंच सांगतो. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव Belagavi आहे, पण पुण्यातले जुने लोक अजून Belgaum टाइप करतात. पहिल्या परिच्छेदात एक आणि पुढं कुठंतरी दुसरं, असं एकेकदा येऊ द्या. वाचणाऱ्याला खटकत नाही.

हाच मजकूर व्हॉट्सॲप बिझनेसवर किंवा गुगलवर चालेल का?

जसाच्या तसा नाही. व्हॉट्सॲप बिझनेसच्या वर्णनाला 512 अक्षरांची मर्यादा आहे, गुगलच्या व्यवसाय-प्रोफाइलला 750 ची. तिथं येणारा माणूस गिऱ्हाईक असतो. शहापूर-वडगावकडच्या साडीवाल्याच्या वर्णनात त्याचा प्रवास कुणी वाचत नाही. कोणत्या साड्या, घाऊक की किरकोळ, कुरिअर करता का, सुट्टी कधी, हे हवं. दीडशे-दोनशे अक्षरांत होतं. इथं छोटंच सरस, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.

आपलं अबाउट नीट झालंय हे कसं ओळखायचं?

क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी फोन द्या, पहिल्या तीन ओळी वाचू द्या आणि फोन परत घ्या. "मी काय काम करतो?" असं विचारा. 'इंजिनिअर आहेस' असं उत्तर आलं तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा. 'पंपाचे भाग खराब का होतात ते बघतोस' असं आलं तर राहू द्या. मग क्षेत्रातल्या एकाला पूर्ण वाचायला द्या आणि तो काय विचारतो ते ऐका. त्यानं दुसऱ्या परिच्छेदावर प्रश्न विचारला तर लांबी बरोबर आहे. न विचारता 'छान आहे' म्हणाला, तर त्यानं अर्ध्यातच सोडलेलं असतं.

आमच्या खानापूरवाल्यानं ही परीक्षा घरी आईवर केली. तिनं तीन ओळी आणि पुढचा पावसाळ्याचा परिच्छेद ऐकला आणि म्हणाली, "म्हणजे पावसात तुमची वाळू भिजते, होय? मग झाकून ठेवायला काय होतंय?" त्यानं मला दुसऱ्या दिवशी हे सांगितलं, आणि पहिला परिच्छेद तसाच ठेवला.